वेदाला कर्ता का नाही? मीमांसकांचा युक्तिवाद

‘वेद अपौरुषेय आहेत’ हे आपण सत्संगात अनेकदा ऐकतो आणि त्याचा अर्थ ‘वेद माणसाने नव्हे, ईश्वराने रचले’ असा लावतो. भाषांतर करताना माझ्याही हातून एकदा तसेच लिहिले गेले होते. न्यायदर्शनाचे मत साधारण त्या वळणाचे आहे. पूर्वमीमांसा मात्र त्याहून पुढे जाते. तिच्या मते वेदाला कोणीही कर्ता नाही, ईश्वरही नाही.

असे म्हणण्याची गरज का पडली? जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य करणारे शबरस्वामी सांगतात की वाक्य खोटे ठरते ते बोलणाऱ्यामुळे. त्याला नीट माहीत नसते, किंवा त्याला फसवायचे असते. अमुक यज्ञाने स्वर्ग मिळतो हे तर डोळ्यांनी तपासता येत नाही. ते कोणी सांगितले असेल, तर त्याला ते कसे कळले हा प्रश्न आलाच. सांगणाराच नसेल, तर दोष शिरायला वाट उरत नाही. यावर कोणी विचारेल की मग सांगणाऱ्याचा खरेपणाही उरला नाही, त्याचे काय? मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळात प्रमाणच असते. ते खोटे ठरवायला कारण लागते, खरे ठरवायला नाही. यालाच स्वतःप्रामाण्य म्हणतात.

पण शब्दाला अर्थ कोणीतरी ठरवून दिला असेल, तर माणूस मागच्या दाराने पुन्हा आत येतो. म्हणून जैमिनी शब्द आणि अर्थ यांच्या नात्याला ‘औत्पत्तिक’ म्हणतात. शबरस्वामी त्याचा अर्थ ‘नित्य’ असा घेतात. त्यांचा मुद्दा असा: ‘वृद्धि’ म्हणजे आ, ऐ, औ हे पाणिनीने ठरवले. पाणिनी मान्य असल्याशिवाय त्या शब्दाचा हा अर्थ कोणालाच लागत नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रातला ‘म’ गण म्हणजे तीन गुरू, हेही तसेच. ठरवलेला शब्द वापरायचा, तर ठरवणाराही लक्षात ठेवावा लागतो. आपल्या काळातले उदाहरण घ्यायचे तर ‘जीएसटी’ हा शब्द आला कुठून, हे दुकानदारालाही सांगता येते. ‘गो’ म्हणजे गाय हे कोणी ठरवले, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. मुलाला तो शब्द मोठ्यांच्या बोलण्यातून कळतो, मोठ्यांना त्यांच्या मोठ्यांकडून कळलेला असतो.

कर्ता विसरला गेला असेल, ही शंका शबरस्वामी स्वतःच काढतात. हिमालयातल्या जुन्या विहिरी आणि बागा कोणी केल्या हे कुठे आठवते? त्यांचे उत्तर मला फार नेमके वाटते. तिथे प्रदेश ओसाड झाला, घराणी संपली, म्हणून आठवण तुटली. शब्दांचा वापर मात्र एक दिवसही थांबलेला नाही. शिवाय पहिल्यांदा अर्थ ठरवणारा तरी तो कशाने सांगणार? त्यालाही आधीपासून कळणारे शब्द लागणारच.

इथे ‘अर्थ’ म्हणजे समोरची एक गाय नव्हे. ती जन्मते आणि मरते. अर्थ म्हणजे आकृती, सगळ्या गायींमध्ये सारखे असलेले गायपण. शब्दही तसाच. कोणी ‘गो’ आठ वेळा म्हटले, तर आपण ‘गो शब्द आठ वेळा उच्चारला’ म्हणतो, ‘आठ गो-शब्द झाले’ असे म्हणत नाही. उच्चार येतो आणि जातो, तो असलेल्याच शब्दाला प्रकट करतो. (आपली ‘गाय’ या हिशेबात बसत नाही हे मान्य करायला हवे. देशी भाषांतले शब्द मीमांसक अपभ्रंश मानतात, जे मूळ शुद्ध शब्दाची आठवण देऊन अर्थ कळवतात.)

एवढ्याने वेद अपौरुषेय ठरतो का? नाही. अनेक वाचक इथेच घाई करतात. शब्द नित्य असले तरी कालिदासाने त्याच शब्दांतून काव्य रचलेच. वाक्यांची रचना कोणाची, हा प्रश्न वेगळा आहे. पूर्वपक्षी तर काठक, पैप्पलादक अशी शाखांची नावेच पुरावा म्हणून पुढे करतो. उत्तर असे की ती नावे प्रवचनावरून पडली. कठांनी ती शाखा उत्तम शिकवली, रचली नाही.

पुढे कुमारिल भट्ट आणखी एक अनुमान मांडतात. आजचे वेदाध्ययन जसे गुरूच्या अध्ययनावर उभे आहे, तसेच प्रत्येक काळातले असले पाहिजे, त्यामुळे पहिला रचणारा सापडत नाही. मग हेच महाभारताबद्दलही म्हणता येईल की! हा आक्षेप कुमारिल स्वतःच नोंदवतात आणि सांगतात की तिथे कर्त्याची, म्हणजे व्यासांची, आठवण पक्की आहे, म्हणून ते अनुमान तिथे टिकत नाही. वेदाच्या बाबतीत तशी आठवण शिकणाऱ्यांच्या परंपरेत नाही. नैयायिक मात्र इथे थांबत नाहीत. वाक्य आहे म्हणजे रचणारा असलाच पाहिजे, आठवो वा न आठवो, असे ते म्हणतात. दोन्ही दर्शनांमधला वाद पुढे शतकानुशतके याच जागी चालत राहिला.