दप्तरातला खेळयंत्राचा प्रवास

मुलांनो, तुमच्या दप्तरात काय काय असते? वह्या, पुस्तके, कंपासपेटी, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली. माझ्या भाच्याच्या दप्तरात आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे हातात धरून खेळायचे यंत्र, निन्टेंडो स्विच लाइट. शाळा सुटल्यावर तो नानीच्या घरी जातो आणि आई कामावरून येईपर्यंत तिथेच खेळतो. शाळेत मात्र ते यंत्र दप्तरातून बाहेर काढत नाही. पण बाहेर न काढताही ते बिघडू शकते, हे त्याला उशिरा कळले.

हे यंत्र 2019 साली बाजारात आले. त्याचा पडदा साडेपाच इंचांचा असून वरचे आवरण काचेचे नाही, प्लॅस्टिकचे आहे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने फिरवायच्या दोन छोट्या काठ्या असतात. त्या वर आलेल्या असतात, हे नीट लक्षात ठेवा.

भाच्याने आधी बाजारातून एक पाउच आणला. यंत्र त्यात छान बसले. पुढच्या आठवड्यात त्याने यंत्राला जाड रबरी कव्हर चढवले. आता पाउचची चेन ओढूनताणून लागू लागली. "लागते ना, मग झाले!" असे तो म्हणाला. पण झाकण रोज त्या काठ्यांवर दाबत होते. त्यावर वह्यांचे ओझे आणि बसमधली गर्दी! महिनाभरात खेळातला माणूस, काठीला हात न लावता, आपोआप डावीकडे चालू लागला.

अशी शंका आली तर काय करावे? यंत्रात System Settings उघडा, तिथून Controllers and Sensors आणि मग Calibrate Control Sticks निवडा. ज्या काठीची तपासणी करायची, ती एकदा बाजूला ढकलून सोडून द्या. काठी सोडल्यावर पडद्यावरची खूण मधोमध थांबली पाहिजे. ती बाजूला सरकलेली राहिली, तर काठीत दोष आहे. असा दोष नुसत्या झिजेमुळे किंवा आत गेलेल्या धुळीमुळेही येतो, म्हणून सगळा दोष पाउचवर टाकता येत नाही. पण काठीवर रोज दाब पडू देणे चांगले नाही, एवढे नक्की.

म्हणून पाउच घेताना यंत्र सोबत न्या, आणि कव्हर घालायचे असेल तर ते चढवूनच न्या. पाउचचे झाकण कडक हवे. अंगठ्याने मधोमध दाबून पाहा. ते आत गेले तर तो पाउच दप्तराच्या कामाचा नाही. घरी आल्यावर एक गंमतीची परीक्षा करा. वाटाण्याएवढी कणकेची गोळी पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काठीच्या टोकावर ठेवा. चेन लावा, झाकणावर दोन पुस्तके ठेवा आणि मग उघडून पाहा. गोळी थोडी चपटी झाली तर हरकत नाही. तिची अगदी पोळी झाली असेल, तर झाकण काठीला टेकते आहे. तो पाउच परत करा.

आता पडद्याकडे वळू. दुकानदार "नाइन एच" लिहिलेली काच दाखवतो आणि म्हणतो, "हिच्यावर चरा पडतच नाही." हे पूर्ण खरे नाही. तो आकडा पेन्सिलींच्या कडकपणाचा आहे. पाउचमध्ये शिरलेले वाळूचे कण काचेपेक्षा कडक असतात, ते काचेलाही चरे पाडतात. तरीही काच जरूर लावा, कारण ती बदलता येते. यंत्राचा पडदा बदलणे महाग पडते. दर आठवड्याला पाउच उलटा करून झटका. चार्जरची पिन पडद्याच्या बाजूच्या कप्प्यात ठेवू नका.

काच लावताना पंखा बंद करा. पडदा पुसून घ्या आणि उरलेली धूळ चिकटपट्टीने टिपा. नंतर बुडबुडा दिसला तर नीट पाहा. त्याच्या मध्यभागी ठिपका असेल, तर तो धुळीचा कण आहे. कितीही दाबले तरी तो बुडबुडा जाणार नाही. काच उचलून कण काढावा लागेल.

राहिले कव्हर. यंत्र हातातून निसटले तर कव्हर कोपरे वाचवते. दप्तरातल्या दाबापुढे त्याचा फारसा उपयोग नाही. घ्यायचेच असेल तर पातळ आणि मऊ घ्या, आणि यंत्राच्या वरच्या कडेची हवा जाण्याची भोके उघडी राहतात ना, ते पाहा. पैसे थोडे असतील, तर आधी पाउच, मग काच, आणि कव्हर सर्वांत शेवटी. भाच्याने आता कव्हर काढून ठेवले आहे. काठी दुरुस्त झाली, चेनही एका बोटाने लागते. पाण्याची बाटली मात्र तो अजून त्याच कप्प्यात ठेवतो!