गिऱ्हाइकाच्या तक्रारीस उत्तर

व्यापारी पत्रव्यवहारांत मालाची मागणी करणें किंवा भाव विचारणें सोपें असतें. परंतु रागावलेल्या गिऱ्हाइकास उत्तर लिहावयाचें झालें म्हणजे पुष्कळांची लेखणी अडते. अशा उत्तराचीं तीन अंगें आहेत: जें घडलें तें मान्य करणें, तें कां घडलें हें सांगणें, आणि तें कसें भरून काढणार हें कळविणें. कागदावर तीं याच क्रमानें येतात. परंतु काम मात्र या क्रमानें होत नाहीं. लेखणी हातीं धरण्यापूर्वीं कारण शोधावें लागतें. कारण ठाऊक नसतां दिलेली कबुली पोकळ ठरते, आणि सुचविलेला उपाय भलत्याच ठिकाणीं लागूं पडतो. हें आम्ही एका उदाहरणानें दाखवितों.

अशी कल्पना करूं या कीं, एका बाईंनीं मुलाच्या शाळेच्या पोषाखासाठीं एका दुकानांतून चार मीटर पांढरें सुती कापड नेलें. शिंप्यानें त्याचे पुऱ्या बाह्यांचे दोन सदरे शिवले. एक सदरा मुलानें घातला, आणि तो पहिल्यांदाच धुतल्यावर बाह्या मनगटाच्या वर गेल्या. बाईंनीं दुकानदारास लिहिलें, "आपण आटणारें कापड देऊन आम्हांस फसविलें."

अशा वेळीं दुकानदाराच्या मनांत सहज येणारें उत्तर असें असतें: "आपली कांहीं गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोंत. आमचें कापड उत्तम प्रतीचें आहे. तें कढत पाण्यांत धुतलें गेलें असावें." या तीन वाक्यांत तीन दोष आहेत. सदरा आंखूड झाला हें बाई डोळ्यांनीं पाहत असतां 'झाली असल्यास' म्हणणें म्हणजे त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखविणें होय. कढत पाण्याचा आरोप दुकानदारानें तपासून पाहिलेला नाहीं. आणि पुढें काय करणार याविषयीं तर एक अक्षरही नाहीं. असें पत्र पोंचल्यावर तक्रार मिटत नाहीं. ती दुप्पट होते.

मग तपास कसा करावा? त्याच ताग्याचें उरलेलें कापड दुकानांत असतें. त्याचा एक तुकडा कापून त्यावर रंगीत दोऱ्यानें उभ्या धाग्याच्या दिशेनें ५० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा घालाव्या, आणि आडव्या धाग्याच्या दिशेनेंही तशाच घालाव्या. मग तो तुकडा साध्या थंड पाण्यांत साबणानें धुवावा, न ताणतां सपाट पसरून वाळवावा, आणि पुन्हा मोजावा. आमच्या उदाहरणांत उभें अंतर ४७ सेंटिमीटर भरलें, आडवें ४९॥. म्हणजे कापड लांबींत शेंकडा ६ आटलें, रुंदींत शेंकडा १. पाणी थंड होतें. तेव्हां कढत पाण्याची सबब येथेंच गळून पडली.

आतां सदऱ्याकडे पाहावें. शिंप्याच्या वहींत बाहीचें माप ५० सेंटिमीटर होतें; धुतल्यावर ती ४७ भरली. बाही कापडाच्या लांबींतच बेतलेली असते, म्हणून तुकड्याचें व बाहीचें प्रमाण तंतोतंत जुळलें. शिंपी चुकला असता तर हें जुळतें ना. उलट, तुकडा अर्धाच सेंटिमीटर आटता आणि बाही तीन सेंटिमीटर, तर कारण धुण्यांत किंवा बेतण्यांत शोधावें लागलें असतें.

कापड असें कां आटतें? मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात, आणि पुढें धुलाई व खळ देतांनाही कापड लांबींत ओढलें जातें. पाणी लागतांच कापसाचे तंतु फुगतात, ताण सुटतो, आणि कापड आपल्या स्वाभाविक लांबीवर येतें. गिरणींत यंत्रानें कापड आधींच आंखडून घेण्याची रीत आहे. तसें केलेलें कापड पुढें फार तर शेंकडा एकाच्या आसपास आटतें. या ताग्यावर ती क्रिया झालेली नव्हती, आणि विकतांना दुकानदारानें तें सांगितलें नाहीं. दोष आहे तो इतकाच, आणि तो पुरेसा आहे.

एवढें कळल्यावर पत्र आपोआप सुचतें:

"सा. न. वि. वि. आपलें ता. १८ जूनचें पत्र पोंचलें. आपण नेलेल्या कापडाचा सदरा पहिल्या धुण्यांत आंखूड झाला हें खरें आहे, व त्याबद्दल आम्ही आपली क्षमा मागतों. त्याच ताग्याचा तुकडा आम्हीं थंड पाण्यांत धुऊन पाहिला. तो लांबींत शेंकडा ६ आटला. आपल्या धुण्यांत किंवा शिंप्याच्या कामांत कांहीं चूक नाहीं. हें कापड गिरणींत आंखडून घेतलेलें नव्हतें, आणि तें शिवण्यापूर्वीं भिजवावें अशी सूचना आम्हीं द्यावयास हवी होती. ती दिली नाहीं. आपला दुसरा सदराही धुतल्यावर असाच आंखूड होईल. म्हणून दोन्ही सदऱ्यांसाठीं, धुऊन वाळवून मग मोजलेलें चार मीटर कापड आम्ही ता. २८ जूनपर्यंत आपल्या घरीं पोंचवितों. दोन्ही सदऱ्यांची शिलाई आपल्या शिंप्याच्या पावतीप्रमाणें आम्ही देऊं. जुने सदरे परत करण्याचें कारण नाहीं. या ताग्याचें उरलेलें कापड आजपासून वरील सूचनेवांचून विकलें जाणार नाहीं. कळावें, ही विनंति."

या पत्रांतील दोन गोष्टी विशेष ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली, दुसऱ्या सदऱ्याचा उल्लेख. बाईंनीं तक्रार एकाच सदऱ्याची केली होती. दुसरा अजून पाण्यांत पडलाच नव्हता. परंतु कारण कळल्यावर दुसऱ्याची गत दुकानदारास आधींच दिसते. ती लपविली तर आठ दिवसांनीं दुसरें पत्र येणार, आणि त्या वेळीं पहिल्या क्षमेवरही कोणी विश्वास ठेवणार नाहीं.

दुसरी गोष्ट उपायाच्या मापाची. नुसती कापडाची किंमत परत केल्यानें मुलाच्या अंगावर सदरा येत नाहीं. शिलाई वायां गेलेली असते. म्हणून ती द्यावी लागते. तसेंच, धुतल्यावर चार मीटर भरावयाचें तर धुण्यापूर्वीं सुमारें सवाचार मीटर कापावें लागतें. नुसतें चार मीटर भिजवून पाठविलें तर तें पावणेचार मीटरच्या जवळ येईल, आणि शिंप्याकडे कापड अपुरें पडेल. मात्र 'हें कापड यापुढें मुळींच आटणार नाहीं' असें वचन पत्रांत दिलेलें नाहीं; कारण सुती कापड पुढच्या धुण्यांतही किंचित् आटूं शकतें. जेवढें केलें, म्हणजे धुऊन मोजलें, तेवढेंच लिहिलें आहे.

कधीं कधीं कारण लगेच सांपडत नाहीं. ताग्याचें कापड संपलेलें असतें, किंवा गिरणीकडून उत्तर यावयाचें असतें. तेव्हां तर्क लिहून धाडूं नये. घडलें तें मान्य करावें, काय तपासत आहोंत तें सांगावें, आणि उत्तराची तारीख द्यावी. ती तारीख पाळावी. गिऱ्हाइकानेंही अशीं पत्रें व पावत्या जपून ठेवाव्या. भारतांत ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याप्रमाणें ग्राहक आयोगाकडे तक्रार नेण्यास सामान्यतः दोन वर्षांची मुदत असते, आणि तेथें कोणीं केव्हां काय मान्य केलें हें पत्रांवरूनच दिसतें. दुकानदारासही तेंच पत्र उपयोगी पडतें. मात्र त्यांत लिहिलेला सदरा, माप आणि तारीख हीं खरीं असलीं पाहिजेत.