पुसट झेरॉक्सवरून अरबी करताना

अरबी तुला चांगली येते, त्यामुळे भाषेबद्दल मी काही सांगत बसत नाही. सांगायचं आहे ते कागदाबद्दल. वसई-नालासोपाऱ्यातून आखातात जाणाऱ्यांचे कागद तुझ्याकडे येतील, आणि त्यांतले बरेच झेरॉक्सची झेरॉक्स असतील. कुणाचा तीस वर्षांपूर्वीचा शाळा सोडल्याचा दाखला, कुणाचा कंपनीने फॅक्सवर पाठवलेला करार. त्यात जे दिसत नाही ते काय असेल, हे तुला नव्वद टक्के वेळा कळेलही. कळलं म्हणून ते लिहायचं का, खरी गोम तिथेच आहे.

आधी विचार, मूळ कागद कुठे आहे? घरच्या कपाटात असेल तर फोटो मागव, झेरॉक्सवर डोळे फोडू नकोस. मूळ मिळतच नसेल तर त्याच कागदाची आणखी एखादी झेरॉक्स कुणाकडे आहे का ते बघ. दोन प्रती शेजारी ठेव. मशीनच्या काचेवरच्या धुळीचे ठिपके दोन प्रतींत वेगवेगळ्या जागी पडतात, शाईची रेघ मात्र दोन्हींत त्याच जागी असते. एखादा अनुस्वार खरा की डाग, हे अशाने पाच मिनिटांत कळतं. ठिपकेही दोन्हीकडे जागच्या जागी सापडले, तर समज की दोन्ही प्रती एकाच वाईट झेरॉक्सवरून काढल्या आहेत, आणि तुलनेचा काही उपयोग नाही. स्कॅन करायचं तर काळं-पांढरं नको, ग्रेस्केलमध्ये कर, 600 डीपीआयवर. काळ्या-पांढऱ्यात फिक्या रेघा मशीनच पुसून टाकतं.

फॅक्सची गोष्ट निराळी. साध्या फॅक्समध्ये आडव्या ओळीत दर मिलिमीटरला आठ ठिपके असतात, पण उभ्यात मिलिमीटरला जेमतेम चार रेघा. अडीच मिलिमीटर उंचीचं अक्षर धर, त्याच्या वाट्याला सगळ्या मिळून दहा रेघा येतात. त्यात शिरोरेघ, वेलांटी, रफार, अनुस्वार सगळं बसवायचं. म्हणून मराठी फॅक्समध्ये अक्षराचं धड वाचता येतं आणि डोक्यावरचं जातं. इंग्रजी आकड्यांत 3 आणि 8, 5 आणि 6 एक होतात. फॅक्स उष्णतेने छापणाऱ्या गुळगुळीत कागदावर आला असेल तर त्याची लगेच झेरॉक्स काढ. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तो आणखी लवकर उडतो.

आता एक दाखला घेऊ. नालासोपाऱ्याच्या एका शाळेचा, 1989 चा. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहिलेली, हे आपल्या दाखल्यांचं मोठं सुख. अंकांत 197 स्वच्छ, शेवटचा आकडा 3 किंवा 8. अक्षरांत 'एकोणीसशे' आहे, मग घडी पडून उडालेली जागा, मग '्याहत्तर'. म्हणजे त्र्याहत्तर किंवा अठ्ठ्याहत्तर. पंच्याहत्तर, सत्त्याहत्तरही त्या शेपटीला चालतील, पण अंक त्यांना चालू देत नाही. उडालेली जागा मोजली तर एका अक्षरापुरतीच निघते. 'अठ्ठ्या' तिथे दाटीवाटीनेही मावत नाही. मग खालचा रकाना बघ: शाळेत प्रवेश जून 1983, इयत्ता पाचवी. 1978 चा जन्म असता तर पाच वर्षांचं पोर पाचवीत बसलं असतं. तेव्हा जन्म 1973 चा, यात मला शंका नाही.

तरीही भाषांतरात 1973 असं सरळ लिहायचं नाही. माणूस कधी जन्मला याचा दाखला तू देत नाहीस. या कागदावर काय वाचता येतं, तेवढ्यावरच तुझी सही-शिक्का असतो. म्हणून 197 लिही, पुढे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाक, आणि तळटीपेत अरबीत सांग की शेवटचा अंक 3 किंवा 8 असा वाचता येतो, अक्षरी तारखेचा मधला भाग उडाला आहे. प्रवेशाच्या वर्षावरून काढलेला तर्क गिऱ्हाइकाला वेगळ्या चिठ्ठीत दे, भाषांतरात नको. अगदीच वाचता येत नाही तिथे कंसात 'ग़ैर मक़रू', आणि सगळ्यात वर एक ओळ की हे भाषांतर झेरॉक्सवरून केलं आहे. आकडे 1, 2, 3 असेच ठेव. अरबी अंकांत शून्य म्हणजे नुसतं टिंब, आणि तुझ्याही कागदाची पुढे कुणीतरी झेरॉक्स काढणारच.

छापील मजकुराला मात्र हा सोवळेपणा लागत नाही. फॉर्मचं वाक्य अर्धं उडालं असेल तर त्याच शाळेचा, त्याच सुमाराचा दुसरा दाखला मिळव, त्यावरून वाक्य पूर्ण कर, तेवढा भाग कंसात घाल. 'त्याच सुमाराचा' हे महत्त्वाचं. आजच्या जन्मदाखल्यावर महाराष्ट्राच्या 2000 सालच्या नियमांचा उल्लेख असतो. तो 1985 च्या दाखल्यात भरलास तर कागद खोटा ठरायला तेवढं पुरे. तसंच जिल्ह्याचं. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. जुन्या शिक्क्यात 'ता. वसई, जि.' एवढंच उरलं असलं तर सवयीने पालघर लिहू नकोस. तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. पण ठाणेसुद्धा कंसातच.

अरबी स्वतः दोन ठिकाणी अडकवते. पहिलं लिंग. नाव किरण, मागचं 'कुमार' की 'कुमारी' ते उडालेलं. मराठी कागद गप्प राहू शकतो, पण 'जन्मला' म्हणायला अरबीत 'वुलिद' किंवा 'वुलिदत' निवडावंच लागतं. तिथे क्रियापद टाळ, 'तारीख अल्-मीलाद' असा रकाना कर आणि सुट. दुसरं, ठरीव शब्द. 'वर्तणूक' या रकान्यापुढचा शब्द दिसत नाही, आणि हाताला 'हुस्न अस्-सीरा वस्-सुलूक' इतकं सरावाचं असतं की ते आपोआप पडतं. मुळात 'चांगली' होतं की 'समाधानकारक', की रकाना कोराच होता, कुणाला ठाऊक? पोरी, ज्या कागदात शब्द गेलेत आणि तरी तुझी अरबी फार ओघवती झाली आहे, तो कागद पुन्हा तपास.

आडनावांत परेरा आणि फरेरा यांत मराठीत एका शेपटाचा फरक, आणि झेरॉक्समध्ये तेच शेपूट जातं. अरबीत प नाही, म्हणून परेराचा ब होतो, फरेराचा फ राहतो. चूक झाली तर नाव एकदम परकं होतं. पासपोर्ट मागून बघायला हरकत नाही, पण तळटीपेत लिही की अक्षर पासपोर्टवरून लावलं आहे.

एक उलटंही लक्षात ठेव. अंक स्वच्छ दिसतो म्हणून तो खराच असं नाही. 2013 मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही मशीनं स्कॅन करताना फाइल लहान करण्याच्या नादात 6 च्या जागी सुबक 8 बसवत होती. बाकी कागद पुसट आणि एखादाच अंक कोरीव दिसला, तर बेरजा आणि तारखा एकमेकींशी ताडून बघ.

आपल्या 1989 च्या दाखल्याला शेवटी उपाय एकच, शाळेतून दुय्यम प्रत. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख असतेच, फक्त दाखल्यावरचा रजिस्टर नंबर वाचता आला पाहिजे. तो सगळ्यात आधी वाचून गिऱ्हाइकाला लिहून दे. नवी प्रत आली की भाषांतर पहिल्या ओळीपासून नवं कर, जुन्यात नुसती तारीख बदलून देऊ नकोस. शेरा, मुख्याध्यापकांची सही, शिक्का, दाखल्याची तारीख, सगळंच बदललेलं असतं.