परदेशस्थ स्नेह्यास वाढदिवसाचा संदेश : लेखन आणि परीक्षण

१. प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण औपचारिक शुभेच्छापत्राचा परिचय करून घेतला. तेथे ‘हार्दिक शुभेच्छा’, ‘उदंड आयुष्य लाभो’ यांसारखी रूढ वाक्ये योग्यच ठरतात. कारण त्यांतून अंतर आणि आदर व्यक्त होतो. जिवलग मैत्रिणीला मात्र तीच वाक्ये परकी वाटतात. ती परदेशात असेल, तर वर्षभराच्या तुटक संपर्कात हा चार ओळींचा मजकूर बराच भार वाहतो. असा संदेश आपलेपणाचा कसा होतो, हे एका उदाहरणाने पाहू.

२. उदाहरण : पहिला खर्डा

समजा, सांगलीची एक शिक्षिका म्युनिकला राहणाऱ्या मंजू या महाविद्यालयीन मैत्रिणीला संदेश लिहीत आहे. वाढदिवस १० नोव्हेंबरला आहे. तिचा पहिला खर्डा असा :

“प्रिय मंजू, तुझ्या आयुष्यात सुखसमृद्धी नांदो. तुझी सर्व स्वप्ने साकार होवोत. सातासमुद्रापार गेलीस तरी आम्हाला विसरू नकोस!”

या मजकुराची एक सोपी कसोटी आहे. ‘मंजू’ हे नाव खोडून तेथे दुसरे कोणतेही नाव घालावे. पहिल्या दोन वाक्यांना काहीच धक्का लागत नाही. म्हणजे ती मंजूसाठी लिहिलेली नाहीत. ती स्वतः रचली की कोठून उतरवली, याने फरक पडत नाही. तिसरे वाक्य थोडे जवळचे वाटते, पण त्यात गुप्त तक्रार आहे. घरापासून दूर असलेल्या माणसाला वाढदिवशी अपराधी वाटावे, असे ते वाक्य आहे.

३. दुसरा खर्डा

लेखिकेने स्वतःला दोन प्रश्न विचारले. आमच्या दोघींनाच ठाऊक असलेली एक गोष्ट कोणती? आणि मंजूचे सध्याचे दिवस कसे चालले आहेत? त्यातून पुढील मजकूर तयार झाला :

“मंजे, आज सकाळी स्टँडवर गेले होते. आपली कॉलेजची एसटी अजून त्याच फलाटावर लागते. ‘मैत्रीण येतेय, दोन मिनिटं थांबा’ असं म्हणत तू रोज कंडक्टरला थोपवून धरायचीस. आज मी वेळेवर चढले आणि चुकल्यासारखं वाटलं. मागच्या फोनवर तू म्हणालीस, जर्मनची परीक्षा डिसेंबरात आहे आणि तिकडे पाचच्या आत अंधार पडतो. या वर्षी तुझ्यासाठी एवढंच मागते : परीक्षा एका दमात सुटो आणि अंधार पडायच्या आत रोज एकदा तरी बाहेर पडणं होवो. वाढदिवसाच्या शुभेच्छा. उत्तराची घाई नाही. रविवारी तुझ्या सकाळी दहाला फोन करते.”

४. विवेचन

नाव बदलण्याची कसोटी येथे लावली, तर मजकूर कोसळतो. कंडक्टरला थोपवणारी मंजूच आहे. ‘तू फार प्रेमळ आहेस’ असे विशेषण लिहिण्याऐवजी लेखिकेने तिची कृती सांगितली, आणि गुण आपोआप कळला. ‘मंजे’ हे संबोधनही त्या दोघींच्या बोलण्यातले आहे. बोलीतील क्रियापदांशी ते जुळते. ‘मंजे, आपणांस शुभेच्छा’ असे लिहिले असते, तर सूर बिघडला असता.

आठवण एकच आहे, हेही महत्त्वाचे. आठवणी तीन-चार झाल्या, की संदेश स्मरणरंजनात बुडतो आणि मैत्रीण जणू गाव सोडलेल्या दिवशीच थांबली आहे, असे भासते. म्हणून अर्धा मजकूर तिच्या आजच्या जीवनाला दिला आहे. शुभेच्छाही त्यातूनच निघाल्या : ‘सर्व स्वप्ने’ नव्हे, एक परीक्षा. मात्र तिने विश्वासाने सांगितलेली खाजगी अडचण अशा संदेशात आणू नये. विशेषतः तो मित्रमंडळाच्या सामायिक गटावर जाणार असेल, तर मुळीच नाही.

शेवटी वेळ. नोव्हेंबरात म्युनिकचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत हे अंतर साडेतीन तासांचे होते. सांगलीत रात्री बाराला पाठवलेला संदेश तेथे आदल्या दिवशी सायंकाळी साडेसातला पोहोचेल. लेखिकेने तो सकाळी साडेअकराला पाठवला. तेव्हा तेथे सकाळचे सात वाजले होते. ‘तुझ्या सकाळी’ या दोन शब्दांतही तीच जाणीव आहे : हिशेब लेखिकेने केला, मैत्रिणीवर टाकला नाही.

५. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पहिल्या खर्ड्यातील तिसरे वाक्य तक्रारीचा सूर टाळून पुन्हा लिहा.

२. आपण पूर्वी पाठवलेला एखादा वाढदिवसाचा संदेश घ्या. नाव बदलूनही जी वाक्ये तशीच टिकतात, ती अधोरेखित करा आणि त्यांपैकी एकाच्या जागी त्या व्यक्तीची एक कृती लिहा.