घटक ६ : हुंकार की होकार? समूहसंवादातील अंगठ्याचे अर्थग्रहण

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :

- कार्यालयीन समूहात वरिष्ठांनी दिलेल्या एकट्या अंगठ्याचे संभाव्य अर्थ वेगळे करता येतील.
- अंगठा ज्या मजकुराखाली आला आहे, त्या मजकुराच्या आधारे त्याचा अर्थ ठरवता येईल.
- अंगठ्याचा एकच अर्थ निघेल अशा रीतीने मजकूर लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन पत्रव्यवहाराची भाषा अभ्यासली. त्या व्यवहारात वरिष्ठांचा निर्णय 'मान्य', 'अमान्य', 'चर्चा करावी' अशा ठरलेल्या शेऱ्यांतून आणि सहीतून व्यक्त होतो. आज पुष्कळ कार्यालयांतील दैनंदिन निर्णय भ्रमणध्वनीवरील समूहात होतात, आणि तेथे शेऱ्याची जागा अनेकदा एका चिन्हाने घेतलेली असते. व्हॉट्सॲपवर मजकुराखाली असे चिन्ह उमटवण्याची सोय २०२२ मध्ये आली. तेव्हापासून व्यवस्थापकाला एक शब्दही न लिहिता उत्तर देता येते. हे उत्तर देणाऱ्याचे श्रम वाचतात, पण वाचणाऱ्याचे वाढतात. 'मॅडमनी अंगठा दिला' म्हणजे त्यांनी नेमके काय म्हटले, हे वाचणाऱ्याला ठरवावे लागते आणि त्यावर काम सुरू करावे लागते. प्रस्तुत घटकात आपण हे अर्थग्रहण कसे करावे ते पाहणार आहोत.

६.२ हुंकार आणि होकार

अंगठा हे चिन्ह मराठी भाषकाला नवे नाही, परंतु त्याचे अर्थ परस्परविरोधी आहेत. ठेंगा दाखवणे म्हणजे साफ नाकारणे. उलट, लिहिता न येणाऱ्याने दस्तऐवजावर उठवलेली 'निशाणी अंगठा' ही त्याची पूर्ण संमती मानली जाते. पडद्यावरच्या अंगठ्याने पहिला अर्थ टाकून दिला आहे. दुसरा मात्र त्याने अर्धाच घेतला आहे, कारण त्याला संमतीखेरीज आणखी एक काम करावे लागते. ते काम हुंकाराचे आहे.

गोष्ट ऐकणारा मधूनमधून 'हं' म्हणतो. त्या 'हं'चा अर्थ 'गोष्ट खरी आहे' किंवा 'मला ती पटली' असा नसतो. 'मी ऐकतो आहे, तू पुढे सांग' एवढाच असतो. समोरासमोरच्या बोलण्यात हुंकार आणि होकार स्वराने वेगळे होतात. मान किती हलली, नजर कोठे होती, 'बरं' तोडून म्हटले की लांबवून, हे सारे आपण न ठरवता टिपत असतो. पडद्यावरील अंगठ्याला स्वर नाही. 'पाहिले', 'मान्य आहे', 'छान' आणि 'आता हा विषय पुरे' या चारही गोष्टी त्याच एका आकृतीने सांगितल्या जातात.

म्हणून या घटकातील मुख्य प्रतिपादन असे : अंगठ्याचा अर्थ अंगठ्यात शोधू नये, तो ज्या मजकुराखाली आला आहे, त्या मजकुराने काय मागितले होते यात शोधावा.

६.३ आधीचा मजकूर काय मागतो?

संवादाचा अभ्यास करणारे शेग्लॉफ आणि सॅक्स यांनी १९७३ मधील लेखात एक महत्त्वाची गोष्ट मांडली. बोलण्यातील कित्येक उक्ती जोडीने येतात. प्रश्नानंतर उत्तर, निमंत्रणानंतर स्वीकार वा नकार अपेक्षित असतो. पहिली उक्ती दुसरीसाठी एक जागा मोकळी करते, आणि त्या जागेवर जे येते त्याला त्या जागेचा अर्थ मिळतो. हे तत्त्व अंगठ्याला लावून पाहा.

'आज कुरिअर पोहोचले' ही माहिती आहे. ती पोच मागते. तिच्याखालचा अंगठा हा हुंकार. 'उद्या सुटी घेऊ का?' हा परवानगीचा प्रश्न आहे. त्याची जागा होय-नाहीची आहे. म्हणून तेथील अंगठा हा होकार. 'बैठक सोमवारी ठेवू की मंगळवारी?' या प्रश्नाने मात्र निवड मागितली आहे. तेथे अंगठा आला तर जागा रिकामीच राहते. व्यवस्थापकाने मजकूर पाहिला, एवढेच कळते. अशा अंगठ्यावरून वार ठरवणे हा वाचणाऱ्याचा अंदाज असतो, व्यवस्थापकाचा निर्णय नसतो.

याच्या जोडीला त्या व्यक्तीची सवय पाहावी लागते. प्रत्येक मजकुराखाली अंगठा देणाऱ्या व्यवस्थापकाचा अंगठा बहुधा पोचपावतीच असतो. एरवी 'चालेल, करा' असे लिहिणाऱ्याने एखाद्या दिवशी नुसता अंगठा दिला, तर तो बदल लक्षात घेण्याजोगा आहे. तो घाईचा असेल किंवा नाराजीचा. पण चिन्हावरून त्यांपैकी कोणता ते ठरत नाही. रात्री उशिरापर्यंत थांबून अहवाल पूर्ण केल्याचे कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला केवळ अंगठा मिळाला आणि सहकाऱ्याला 'उत्तम काम' असे शब्द मिळाले, तर त्याला तो अंगठा कोरडा वाटणे स्वाभाविक आहे. तरीही वाचकाने येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. 'शब्द मिळाले नाहीत' हे निरीक्षण आहे. 'काम आवडले नाही' हे अनुमान आहे.

६.४ एका संवादाचे विश्लेषण

पुढील संवाद अभ्यासासाठी रचलेला आहे. एका मुद्रणालयाच्या नऊ जणांच्या समूहात निर्मिती समन्वयक मंगळवारी दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी लिहितो :

> मॅडम, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ तयार आहे, फाइल वर टाकली आहे. कागदाचा भाव वाढल्याने ३०० ऐवजी २५० जीएसएमचे आर्टकार्ड वापरू का? ५,००० प्रतींसाठी प्लेट आज ७ पर्यंत काढावी लागेल.

चार मिनिटांनी मजकुराखाली व्यवस्थापिकेचा 👍 येतो. समन्वयक प्लेट काढतो आणि मुखपृष्ठे पातळ कार्डावर छापली जातात. बुधवारी सकाळी व्यवस्थापिका विचारतात, "कार्ड बदलायला मी केव्हा सांगितलं? मी मुखपृष्ठ पाहिलं, म्हणून अंगठा दिला." जाड कार्डाचा नमुना त्यांनी अंकाच्या संपादकांना आधीच दाखवलेला असतो.

येथे खोटे कोणीच बोलत नाही. समन्वयकाच्या दृष्टीने मजकुरात एक प्रश्न होता आणि त्याचे उत्तर आले. व्यवस्थापिकेच्या दृष्टीने मजकुराची सुरुवात मुखपृष्ठाने झाली होती आणि त्यांनी त्याची पोच दिली. अडचण अशी की, एका मजकुरात माहिती, प्रश्न आणि मुदत अशा तीन गोष्टी होत्या. अंगठा मात्र संपूर्ण मजकुराला लागतो. त्यातील एका वाक्याला लावता येत नाही. तीन वेगवेगळ्या जागा एकाच मजकुरात मोकळ्या झाल्या आणि उत्तर एकच आले.

समन्वयकाला हा धोका ७ वाजण्यापूर्वी ओळखता आला असता का? दोन खुणा समोर होत्या. पहिली, मजकुरात एकाहून अधिक विषय होते. दुसरी, छपाई ही माघारी न घेता येणारी कृती होती. अशा वेळी वाचलेला अर्थ शब्दांत परत मांडणे हा उपाय आहे : 'मॅडम, २५० जीएसएमच्या कार्डाला आपली मान्यता आहे असे समजून ७ वाजता प्लेट काढतो.' या वाक्यात पुन्हा परवानगी मागितल्याचा संकोच नाही. अर्थ चुकला असेल, तर तो दुरुस्त करण्याची संधी मात्र आहे.

या वाक्याचे आणखी एक प्रयोजन आहे. व्हॉट्सॲपवर अंगठ्याची सूचना फक्त मूळ मजकूर लिहिणाऱ्याला जाते, आणि दिलेला अंगठा नंतर बदलता वा काढताही येतो. समूहातील उरलेल्यांना निर्णय झाल्याचे त्यातून कळेलच असे नाही. लिहिलेले वाक्य सर्वांना दिसते.

६.५ न्यायालयासमोर आलेला अंगठा

हुंकार की होकार, हा प्रश्न कॅनडातील सास्कॅचेवान प्रांताच्या न्यायालयातही उपस्थित झाला. २०२१ मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीच्या प्रतिनिधीने जवसाच्या कराराचे छायाचित्र शेतकऱ्याला पाठवले आणि करार निश्चित करावा असे लिहिले. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठ्याचे चिन्ह पाठवले. पुढे भाव चढले आणि ठरलेले ८७ टन जवस पोहोचले नाही. करार मिळाल्याची ती केवळ पोच होती, असे शेतकऱ्याचे म्हणणे होते. न्यायालयाने २०२३ मध्ये ते अमान्य केले आणि त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई देण्यास सांगितले.

या निकालाचा अर्थ 'अंगठा म्हणजे नेहमीच सही' असा घेऊ नये. न्यायालयाने चिन्हाच्या भोवतीचा संदर्भ पाहिला. मजकुराने निश्चिती मागितली होती. शिवाय या दोन पक्षांमधील पूर्वीच्या करारांना शेतकऱ्याने अशीच त्रोटक शाब्दिक उत्तरे दिली होती आणि माल पोहोचवला होता. म्हणजेच आपण ६.३ मध्ये पाहिलेली मोकळी जागा आणि सवय, हेच दोन आधार तेथेही महत्त्वाचे ठरले.

६.६ लेखकाची जबाबदारी

अंगठा 'होय, पण' म्हणू शकत नाही. त्याला अट घालता येत नाही आणि कारणही देता येत नाही. ही मर्यादा जाणून मजकूर लिहिणे ही विचारणाऱ्याची जबाबदारी आहे. एका मजकुरात एकच मागणी ठेवावी. निवड हवी असेल, तर दोन पर्याय दोन स्वतंत्र मजकुरांत लिहून हव्या त्या पर्यायाखाली खूण करण्यास सांगावे. वरील समन्वयकाने मुखपृष्ठाची माहिती एका मजकुरात आणि 'फक्त कार्डाविषयी : २५० जीएसएम वापरण्यास मान्यता आहे का?' हा प्रश्न दुसऱ्या मजकुरात लिहिला असता, तर अंगठा कोठे पडला यावरूनच उत्तर कळले असते. पैसा, मुदत किंवा दुसऱ्याला दिलेला शब्द गुंतलेला असेल, तेथे मात्र शब्दांतील उत्तर मागणेच योग्य.

६.७ सारांश

अंगठा हा कधी हुंकार, तर कधी होकार असतो. माहितीखाली तो पोच, परवानगीच्या प्रश्नाखाली संमती आणि निवडीच्या प्रश्नाखाली अपुरे उत्तर ठरतो. व्यक्तीची सवय हा अर्थग्रहणाचा दुसरा आधार आहे. मजकुरात अनेक मागण्या असतील किंवा कृती माघारी घेता येणार नसेल, तर समजलेला अर्थ शब्दांत मांडून खात्री करावी.

६.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'हुंकार' आणि 'होकार' यांतील भेद स्वतःच्या शब्दांत सांगा.

२. 'सर, पाहुणे आले आहेत. त्यांना बसवू की उद्या यायला सांगू?' या मजकुराखाली वरिष्ठांचा अंगठा आला. त्याचा अर्थ काय घ्यावा?

३. प्रश्न २ मधील मजकूर अंगठ्याचा एकच अर्थ निघेल असा पुन्हा लिहा.

उत्तरांची दिशा

१. हुंकार ऐकल्याची वा पाहिल्याची पोच देतो. होकार संमती देऊन पुढील कृतीची जबाबदारी स्वीकारतो. (पाहा ६.२)

२. मजकुरात माहिती आणि निवडीचा प्रश्न एकत्र आहेत. वरिष्ठांनी मजकूर पाहिला एवढेच निश्चित म्हणता येते. निवड झालेली नाही. पाहुणे समोर थांबलेले असल्याने दूरध्वनी करून विचारणे उचित.

३. उदा. 'सर, पाहुणे आले आहेत. त्यांना आपल्या कक्षात बसवू का?'