डबे आधी मोज, यादी मग कर

अगं, परवा फोनवर म्हणालीस ना, "ताई, बारा हजार गेले. नऊ-साडेनऊत भागायला हवं होतं, आणि वाण्याला यादी तर मी नेहमीचीच दिली होती." तुझ्या या बोलण्यातच उत्तर आहे. यादी नेहमीचीच होती, म्हणजे जास्तीचे पैसे यादीत गेलेले नाहीत. तू मात्र आता यादीलाच कात्री लावायला निघालीस, डाळ कमी करते, शेंगदाणे कमी करते म्हणतेस. तसं करू नकोस. पोरांच्या ताटातली डाळ कमी होईल आणि पैसे जायचे तिथे जातच राहतील.

आपण आळ्यातल्या तुझ्या घराचाच हिशोब मांडू. तुम्ही दोघं, दोन लेकरं, सकाळी पोळी, संध्याकाळी भाकरी. पैशाचं नंतर बघू, आधी वजन काढू, कारण भाव दर महिन्याला हलतो, पोटाचं माप सहसा हलत नाही. पोळीच्या एका उंड्याला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते आणि मध्यम भाकरीला 75 ग्रॅमच्या आसपास पीठ. तुझ्याकडे सकाळी बारा पोळ्या होतात, म्हणजे महिन्याला 11 किलो गहू. संध्याकाळच्या चार भाकऱ्यांना 9 किलो ज्वारी-बाजरी. तांदूळ दिवसाला दीड वाटी धरला तर 7 किलो. वरण, आमटी, उसळ, पिठलं सगळं मिळून डाळी-कडधान्यं दिवसाला 150 ग्रॅम, म्हणजे साडेचार किलो. स्वयंपाकघरातला छोटा काटा एकदा शेजारणीकडून माग आणि तुझी वाटी भरून तोलून बघ. दोन घरांच्या वाट्या सारख्या नसतात, आणि सगळा अंदाज त्या वाटीवर उभा आहे.

आता भाव लाव. मी गोल आकडे घेते, तू तुझ्या दुकानातले घाल. धान्य आणि दळण मिळून 1300 रुपये. डाळी-कडधान्यं 540. तेल साडेतीन लिटर, 525. साखर, चहा, शेंगदाणे 625. पोहे-रवा, मसाला-मीठ, साबण-पावडर या सगळ्याला 1200. वाण्याचा एकूण आकडा झाला 4200 च्या आत. त्यावर दूध दीड लिटर रोज, पन्नासच्या भावाने 2250. आठवड्याची भाजी आणि थोडी फळं 450, महिन्याला 1950. अंडी आणि रविवारची कोंबडी 900. एकूण 9300. म्हणजे तुझा साडेनऊचा अंदाज बरोबरच होता. वरचे 2700 शोधायचे आहेत.

पण त्याआधी एक काम कर, नाहीतर शोधायला काही सापडणार नाही. एक तारखेला डब्यांत काय उरलंय ते लिही: गहू किती, तूरडाळ किती, तेल किती. महिनाभर जे आलं ते लिही. पुढच्या एक तारखेला परत डबे बघ. आधीचं अधिक आलेलं, त्यातून उरलेलं वजा केलं की खरोखर किती खाल्लं ते कळतं. पावत्यांवरून नुसतं किती विकत घेतलं ते कळतं. गेल्या महिन्यात डबा रिकामा असताना तू 5 किलो साखर आणलीस आणि आता डब्यात दीड किलो आहे, तर घरात साखर साडेतीन किलोच लागली. दीड किलोचे पैसे पुढच्या महिन्याचे आहेत, ते या महिन्याच्या माथी मारू नकोस. घरच्या शेतातून आलेला गहू, कांदा, रेशनचं धान्य हेही लिही, पुढे रुपये शून्य लिहिलेस तरी चालेल. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी 5 किलो, म्हणजे चौघांना 20 किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. वही शून्याने भरली तरी वजन दिसत राहतं, आणि घरचा गहू संपला की अचानक चारशे रुपये कुठून वाढले, असा प्रश्न पडत नाही.

आता त्या 2700 कडे. तू सांगितलेल्या गोष्टी मी जोडून पाहिल्या. सगळ्यात मोठा तुकडा आठवड्याच्या मधल्या भाजीचा निघाला, 600 रुपये. बाजारातून आणलेली भाजी चार दिवसांत संपते, मग फाट्यावरून येताना एक जुडी, पाव किलो हे, अर्धा किलो ते. सुटं घेतलं की भाव चढा लागतो, पण खरं कारण वेगळं आहे. बाजारच्या दिवशी तू पालेभाज्या जास्त आणतेस, त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुकतात. पहिल्या दोन दिवसांना पालेभाजी, मग वांगी, गवार, दोडका, आणि शेवटचे दोन दिवस कोबी, भोपळा किंवा मोड आलेली मटकी, असा क्रम लावून आण. भाजीला रुपये ठरव, भाज्या ठरवू नकोस. आपल्या भागात नारायणगावला टोमॅटोचा केवढा मोठा बाजार, पण जुलै 2023 मध्ये टोमॅटो शंभरीच्या पार गेला तेव्हा इथल्या घरांनाही तो परवडला नाही. शेतकऱ्याला त्या वर्षी चार पैसे मिळाले याचा आनंद आहेच, पण तुझ्या आमटीला चिंच-आमसूल चालतं. कांद्याचं उलट आहे. फाट्याच्या बाजारात कांद्याचा भाव दहा किलोला बोलतात. तुझ्या घरात महिन्याला पाच-सहा किलो कांदा लागतो, तो उन्हाळ्यात अरणीतला टिकाऊ कांदा एकदम घेतलास तर पावसाळ्यात किलोकिलोने आणायची वेळ येत नाही.

दुसरा तुकडा पोरांच्या दहा रुपयांच्या पुड्यांचा, 500. दोघांना रोज एकेक, महिन्यातले पंचवीस दिवस. तिसरा पाहुण्यांसाठी आणलेली खारी, टोस्ट, फरसाण, 400. आणि पाहुणे आले की जास्तीचं दूध, 250. हे ऐकून स्वतःला दोष देऊ नकोस. देशभरातच असं चाललंय. सरकारच्या 2022-23 च्या घरखर्च पाहणीत खेड्यातल्या घराच्या शंभर रुपयांतले पाचच्या आसपास रुपये तृणधान्यावर आणि साडेनऊच्या वर रुपये पेयं, फराळ आणि तयार खाण्यावर जात होते. म्हणजे गहू-तांदळाच्या जवळजवळ दुप्पट. आपण भाव करतो गव्हाचा, आणि पैसे जातात पुड्यांवर. पुडे बंद कर असं मी म्हणणार नाही, लेकरं आहेत. पण ते वाण्याच्या वहीत 'किरकोळ' म्हणून जाऊ देऊ नकोस. महिन्याचे 300 रुपये त्यांच्या नावाने एका डबीत ठेव आणि डबी रिकामी झाली की शेंगदाण्याचा लाडू, चिवडा, गूळ-पोहे. भडंग घरी केलं तर पाहुण्यांचंही निभतं.

तेलाचे 225 रुपये वर गेले, आणि हे मला जास्त लागलं, कारण इथे तब्येतीचाही प्रश्न आहे. माणशी दिवसाला 25 ग्रॅम धरलं तर चौघांना महिन्याला 3 किलो तेल पुरतं. आता नीट बघ: एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम असतं, म्हणजे 3 किलो म्हणजे सव्वातीन लिटरच्या थोडं वर. म्हणून मी साडेतीन धरलं, आणि तुझं पाच लिटर लागलं. दोन गोष्टी झाल्या आहेत. एक, डबा सरळ कढईवर वाकडा होतो. महिन्याचं तेल वेगळ्या किटलीत काढ आणि बाहेरून दहा आणि वीस तारखेची खूण कर. दहा तारखेला तेल खुणेच्या खाली गेलं असेल तर त्या आठवड्यात भजी नाहीत, एवढं सोपं. दुसरं, पिशव्या. हल्ली एकसारख्या दिसणाऱ्या पिशव्यांत कुठे 910 ग्रॅम असतं, कुठे 850, कुठे 800. स्वस्त म्हणून आणलेली पिशवी लहान असते आणि महिन्यात एक जास्त लागते. पाठीमागे निव्वळ वजन छापलेलं असतं, किंमत त्याने भागून बघ. मोठा डबा घेतलास तरी तो 15 किलोचा आहे की 15 लिटरचा ते विचार. दोघांत सव्वा किलोपेक्षा जास्त तेलाचा फरक पडतो.

श्रावणातले उपास 300 रुपयांचे. साबुदाणा, वरई, राजगिरा, शेंगदाणे, त्यात घरात दोघं उपास करणारे. उपासाच्या दिवशी पोळी-भाजी वाचते असं वाटतं, पण बाकीच्यांचा स्वयंपाक होतोच. आणि उरलेले 425 गेले मोठ्या दुकानात. धुण्याच्या पावडरीवर बादली फुकट होती म्हणून दोन महिन्यांची पावडर आली. ती वाया गेली नाही. पावडर पुढच्या महिन्याच्या हिशोबात धर, बादलीला मात्र घरात जागा नव्हती.

एवढं झाल्यावरही तुझा एखादा महिना फुगणारच, आणि तो चुकीचा नसेल. गहू निघाला की वर्षाचं पोतं घेतलंस, चैत्र-वैशाखात मिरची आणून मसाला कुटून घेतलास, कुरडया-पापड केलेस, तर त्या महिन्यात चार-पाच हजार जास्त जातील. त्या महिन्याला उधळा ठरवू नकोस. हा खर्च बाराने भागून दर महिन्याला वेगळा ठेवायचा. वर्षाची बेगमी 6000 ची असेल तर महिन्याला 500. साडेनऊच्या अंदाजात हे 500 धरलेले नव्हते, म्हणून तुझा खरा आकडा दहाच्या जवळ जातो. दिवाळीच्या फराळाचंही तसंच, तो आश्विनाच्या किराण्यात कोंबू नकोस, त्याची वही वेगळी.

सासूबाईंना विचारून बघ, त्यांच्या वेळी एक पोतं किती दिवस पुरायचं. त्यांचा अंदाज ग्रॅममध्ये नसेल, पण चुकायचा नाही, आणि त्यांनाही बरं वाटेल. येत्या एक तारखेला डबे मोजून झाले की वहीचं ते पान मला दाखव. तेल आणि भाजी या दोनच ओळी आधी बघू, बाकीच्या पुढच्या महिन्यात.