उंदीर न मारता घराबाहेर

प्राणातिपातापासून विरत राहण्याचे शील पाळणाऱ्या घरात उंदीर शिरला, की पिंजरा आणतात, सापडलेला उंदीर दूर नेऊन सोडतात आणि चार दिवसांनी दुसरा येतो. वाट उघडीच असते! शिवाय अनोळखी जागी सोडलेला उंदीर अन्नावाचून किंवा मांजराच्या तोंडी पडून बहुधा मरतोच. म्हणून पिंजऱ्याआधी वाट शोधावी.

घरउंदराला पेन्सिल जाईल एवढी, सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते. रात्री धान्य व खरकटे झाकून ओट्याखाली राखेचा पातळ थर पसरावा. सकाळी पावलांचे ठसे भोकापर्यंत नेतात. सिंकच्या नळीभोवतीची फट हमखास तपासावी. तीत भांडी घासण्याची तारेची घासणी घट्ट कोंबून वर सिमेंट लिंपावे. प्लास्टिक किंवा लाकूड तो कुरतडतो.

मात्र सगळी भोके एकदम बुजवू नयेत. कपाटामागे चिंध्या-कागदांचे घरटे व बारीक चीं-चीं आढळल्यास तेथे पिल्ले असतात. आई पकडली तर ती उपाशी मरतील. पिल्ले स्वतः खाऊ लागेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, थांबावे. मग एक भोक सोडून बाकीची बुजवावीत. राखेवर सलग चार रात्री ठसे उमटले नाहीत, की तेही बंद करावे. त्यानंतरही कोणी आत राहिलाच, तर पिंजरा लावावा, तो सकाळ-संध्याकाळ पाहावा, उंदीर घराजवळच्याच झुडपात सोडावा आणि पिंजरा हातमोजे घालून साबणाने धुवावा. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुत्रातून पसरतो.